कामावरून कमी केल्याचं पत्र मी चार वेळा लिहिलं

आमचं कुपवाड एमआयडीसीत छोटं युनिट आहे. द्राक्षबागेत फवारणीला ट्रॅक्टरमागं लावतात ते ब्लोअर आम्ही बनवतो, माणसं सगळी मिळून २४. शॉप दादा बघतो आणि ऑफिस माझ्याकडं. आजवर कुणाला कामावरून काढायची वेळ आली नव्हती, लोक आपणहून सोडून गेले, रिटायर झाले, पण आम्ही पत्र देऊन कमी केलं असं २०२२ पर्यंत एकदाही झालं नव्हतं. त्यामुळं ती वेळ आली तेव्हा ते पत्र कसं लिहायचं याची मला काडीचीही माहिती नव्हती. नंतर ओळखीच्या दोन-तीन युनिटवाल्यांनी माझ्याकडं त्या पत्राची कॉपी मागितली तेव्हा कळलं की बहुतेकांची हीच अवस्था आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

ज्यांना कमी केलं त्यांचं नाव लिहीत नाही. ते ३ जून २०१९ ला आमच्याकडं बिलिंग आणि अकाउंट्सला लागले. माणूस स्वभावानं चांगला, कधी कुणाशी वर आवाजात बोलले नाहीत. पण बिलं चुकायची. कुठं रेट जुना लागायचा, कुठं पार्टीचा जीएसटी नंबर चुकीचा पडायचा, आणि दर महिन्याला सीएच्या ऑफिसातून फोन, "ताई, डेटा अजून आला नाही, ११ तारीख जवळ आली." मी तोंडी सांगायचे, ते "हो ताई, करतो" म्हणायचे, आठ दिवस बरे जायचे आणि परत तेच.

मे २०२२ मध्ये तासगावच्या एका डीलरचा फोन आला. त्यांना मार्चमध्ये दोन ब्लोअर दिले होते, तीन लाखाचा माल आणि वर ३६ हजार जीएसटी. बिलावर त्यांच्या नंबरऐवजी दुसऱ्याच डीलरचा नंबर पडला होता, त्यामुळं त्यांना ३६ हजाराचं क्रेडिटच दिसेना. डीलर जुने, वडिलांच्या काळापासूनचे, ते फार काही बोलले नाहीत, एवढंच म्हणाले की "तुमच्याकडनं असं होत नव्हतं." मला ते फार लागलं. त्याच रात्री मी घरी बसून पत्र टाईप केलं.

ते पहिलं पत्र माझ्याकडं अजून आहे, जसंच्या तसं देते: "आपण अत्यंत बेजबाबदार व हलगर्जी आहात. आपल्यामुळे कंपनीचे मोठे नुकसान झाले आहे. आपण वारंवार रजा घेता. आपल्या प्रामाणिकपणाबद्दलही शंका आहे. त्यामुळे आपणास आजपासून कामावरून काढून टाकण्यात येत आहे. झालेले नुकसान आपल्या पगारातून वसूल केले जाईल." खाली एक वाक्य नेटवरनं उचललेलं होतं, कंपनी केव्हाही कारण न देता नोकरी संपवू शकते असं.

नशीब चांगलं की देण्याआधी ते वकीलकाकांना दाखवलं. ते वडिलांचे मित्र, सांगलीच्या लेबर कोर्टात त्यांचं आयुष्य गेलं, मालकांच्याही बाजूनं आणि कामगारांच्याही. त्यांनी पेन्सिल घेतली, एकदा वाचलं आणि मला पहिला प्रश्न विचारला तो असा, "तुला त्यांना काम जमत नाही म्हणून कमी करायचंय, का त्यांनी काही गैर केलं म्हणून? आधी हे ठरव, पत्र नंतर."

मी म्हणलं दोन्ही. ते म्हणाले दोन्ही नाही चालत.

मग त्यांनी समजावलं ते मला या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. काम जमत नाही, म्हणजे माणूस प्रयत्न करतो पण त्या पदाला लागतं तेवढं काम होत नाही, ही एक गोष्ट. आणि हलगर्जीपणा, अप्रामाणिकपणा, मुद्दाम नुकसान, ही गैरवर्तनाची गोष्ट. गैरवर्तन म्हणलं की ती शिक्षा झाली, आणि शिक्षा द्यायची तर आधी चार्जशीट, खातेनिहाय चौकशी, त्यांना साक्षीदार तपासायची आणि बाजू मांडायची संधी, हे सगळं करावं लागतं. यातलं काहीच न करता पत्रात "हलगर्जी", "प्रामाणिकपणाबद्दल शंका" असले शब्द टाकले, की समोरचा वकील पहिल्याच दिवशी विचारणार, चौकशी कुठं आहे? आणि आपल्याकडं उत्तर नसणार. खरं कारण काम न जमणं हेच असलं तरी आपल्याच शब्दांनी आपण ते शिक्षेचं प्रकरण करून ठेवतो.

मला तोपर्यंत वाटायचं की कामगार कायदा म्हणजे शॉपवरच्या वेल्डर, फिटरसाठी, ऑफिसातल्या माणसाला काय. तेही चुकीचं निघालं. तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये कामगार या शब्दात कारकुनी काम करणाराही येतो आणि त्याला पगाराची मर्यादा नाही. दहा हजाराची मर्यादा होती ती सुपरवायझरचं काम करणाऱ्यांसाठी. यांच्या हुद्द्यात आम्ही एक्झिक्युटिव्ह असं लिहिलं होतं पण हाताखाली एकही माणूस नाही, दिवसभर बिलं आणि एन्ट्र्या, म्हणजे ते कामगारच. काका म्हणाले, "हुद्दा तुम्ही काय देता ते कोर्ट बघत नाही, रोज हातानं काय काम करतो ते बघतं." आणि अशा माणसाला काम जमत नाही म्हणून, शिक्षा न म्हणता कमी केलं, की कायद्याच्या भाषेत ती कामगार कपात धरली जाते. कपात म्हणजे मंदीत माणसं कमी करणं असं आपल्याला वाटतं, पण त्या कायद्यात शिक्षा सोडून कुठल्याही कारणानं नोकरी संपवली तर बहुतेक वेळा तिला हेच नाव आहे. मग वर्षभराची, म्हणजे वर्षात २४० दिवसांची सेवा झालेली असेल तर कारण लिहून एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागं १५ दिवसांचा पगार भरपाई, आणि सरकारकडं ठराविक नमुन्यात कळवणं, हे आलंच. कपातीत शेवटी आलेल्याला आधी कमी करा असाही नियम आहे, पण त्या कामावर ते एकटेच होते त्यामुळं तो प्रश्न आला नाही.

मग काकांनी फाईल मागितली. वॉर्निंगा कुठं आहेत? मी मोबाईल दाखवला. जानेवारीत एक मेसेज होता, "जरा बिलांकडे लक्ष द्या, परत चूक नको." बाकी सगळं तोंडी. आणि फाईलमध्ये एक कागद होता तो त्यांनी बाहेर काढून टेबलावर ठेवला. एप्रिल २०२२ चं इन्क्रिमेंट लेटर. आम्ही दरवर्षी सगळ्यांना एकाच नमुन्याचं पत्र देतो, फक्त नाव आणि आकडा बदलतो. त्यात यांचा पगार २० हजारावरनं २२ हजार झाला होता आणि वर छापलं होतं, "आपल्या उत्तम कामगिरीची दखल घेऊन." खाली सही माझी.

मी गप्पच झाले. एप्रिलमध्ये उत्तम कामगिरी आणि मे मध्ये कामावरून कमी, यावर कोण विश्वास ठेवेल? काकांनी सरळ सांगितलं की एप्रिलच्या आधीचं सगळं आता विसर, ते तुझ्याच सहीनं पुसलं गेलं. आजपासून नव्यानं सुरू कर, आणि हेही लक्षात घे की सुरू करताना ते सुधारतील अशी खरी तयारी मनात पाहिजे, नुसतं फाईल बनवायची म्हणून तीन पत्रं द्यायची असतील तर ते दिसतं, आठ-आठ दिवसांच्या अंतरानं दिलेली तीन पत्रं बघितली की कुणालाही कळतं.

तर पहिलं लेखी पत्र १६ मे ला दिलं. त्यात विशेषण एकही नाही, फक्त एप्रिल महिन्याची कुठली बिलं, कुठल्या तारखेची, काय चुकलं आणि ते कसं पाहिजे होतं. दुसरं २७ जूनला. दोन्हीच्या मध्ये आम्ही त्यांना पाच दिवस सीएच्या ऑफिसात बसवलं, तिथल्या मुलीकडनं पार्टी मास्टर तपासायचं, बिल सेव्ह करण्याआधी पोर्टलवर नंबर टाकून नाव बघायचं, हे सगळं शिकवून घेतलं, आणि ते पाच दिवस हजेरीत ट्रेनिंग म्हणून लिहिले. हे मला आधी सुचलंच नव्हतं, की मदत केली तर तीही कागदावर आली पाहिजे. तिसरं पत्र १ ऑगस्टला, त्यात ४५ दिवसांची मुदत, महिन्यात दुरुस्ती करावी लागणारी बिलं जास्तीत जास्त ३, जीएसटीआर-१ चा डेटा पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत तयार, आणि एक वाक्य स्पष्ट की हे नाही झालं तर सेवा समाप्त करण्याचा विचार होऊ शकतो. हे वाक्य शेवटच्या वॉर्निंगमध्ये नसेल तर माणूस म्हणू शकतो की मला नोकरी जाईल हे कुणी सांगितलंच नाही, आणि ते बरोबरच आहे त्याचं. तिन्ही पत्रांवर त्यांची पोच घेतली, सही आणि तारीख.

जून-जुलैत थोडा फरक पडला होता, मला खरंच वाटलं की जमतंय. पण ऑगस्टचं १३८ बिलांचं रजिस्टर काढलं तर १४ ठिकाणी दुरुस्ती, आणि डेटा तयार झाला ९ सप्टेंबरला.

२० सप्टेंबरला आढावा घेतला, मी, दादा आणि ते. मी त्यांना म्हणलं तुमचं म्हणणं लिहून द्या, दोन-तीन दिवस घ्या. २३ तारखेला त्यांनी दीड पान लिहून दिलं. त्यात होतं की सेल्सची पोरं डीलरचा जीएसटी नंबर फोटो काढून पाठवतात, तो नीट दिसत नाही, काही वेळा चुकीचाच पाठवतात. दादा म्हणाला कारणं सांगतायत. मी मात्र १४ च्या १४ बिलांचे मेसेज काढून बसले, संध्याकाळचे आठ वाजले, आणि खरंच चार बिलांमध्ये सेल्सनंच चुकीचा नंबर पाठवला होता. त्या चार चुका त्यांच्या नव्हत्या. म्हणून १४ चे १० झाले. काका म्हणाले, "१४ लिहिलं असतंस आणि त्यांनी चार पुराव्यानिशी खोडले असते, तर उरलेल्या दहावर कोण विश्वास ठेवलं असतं?" ठरलेली मर्यादा तीन होती, दहा ही तिच्या तिप्पटीपेक्षा जास्तच, त्यामुळं निर्णय बदलला नाही, पण पत्रातला आकडा बदलला आणि त्या पत्राला वजन आलं असं मला वाटतं.

आता पत्र. दुसरा ड्राफ्ट मी लिहिला तर तो तीन पानी झाला, सगळा इतिहास २०१९ पासूनचा. काकांनी तो दीड पानावर आणला. म्हणाले, वॉर्निंगा आहेत त्यात तपशील आहे, इथं फक्त त्यांच्या तारखा दे. तिसऱ्या ड्राफ्टला दादा अडून बसला. त्याचं म्हणणं, "त्यात ते पेट्रोलचं पण टाक की." झालं होतं असं की किरकोळ खर्चाच्या पेटीत ३,२०० रुपयांचा हिशेब लागत नव्हता, पेट्रोलच्या दोन पावत्या गायब होत्या, आणि पेटी यांच्याकडंच असायची. दादाला त्यांच्यावर संशय होता. पण पेटीची किल्ली आणखी दोघांकडं असायची आणि आम्ही त्याची कधी विचारणाच केली नव्हती. काकांनी दादाला विचारलं, "सिद्ध करता येतंय का? येत असेल तर चार्जशीट दे, चौकशी लाव, हे पत्रच देऊ नको. येत नसेल तर एक अक्षर नको." अर्धवट संशय पत्रात आला की माणसाच्या नावाला कायमचा डाग, तो बदनामी म्हणून तुमच्यावर उलटतो तो वेगळाच, आणि पुन्हा पत्राचं कारण बदलतं, काम जमत नाही हे बाजूला राहतं आणि चोरी मध्ये येते. दादाला पटायला दोन दिवस लागले. मला स्वतःला नाही वाटत त्यांनी ते पैसे घेतले असतील.

रजेचं वाक्य मी स्वतःच काढलं. त्यांच्या आईचं मिरजेत डायलिसिस चालू होतं, आठवड्यातनं दोनदा ते अर्धा दिवस जायचे आणि त्या सगळ्या रजा मीच मंजूर केल्या होत्या. मंजूर केलेली रजा नंतर माणसाच्या विरोधात लिहायची हे कुठल्याच हिशेबानं बरोबर नाही. तसंच नुकसान पगारातून कापायचं वाक्य. त्यांचा पगार २२ हजार, वेतन प्रदान कायद्यात तेव्हा महिना २४ हजारापर्यंतचे येत होते, त्यात नुकसानीची कपात करायची तर आधी कारणे दाखवा नोटीस, त्यांचं म्हणणं, आणि नुकसान थेट त्यांच्याच हयगयीमुळं झालं हे दाखवणं, एवढं सगळं लागतं. आणि डीलरचा ३६ हजाराचा प्रश्न तर पुढच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती टाकून सुटलाच होता, म्हणजे नुकसान असं नव्हतंच.

कारण न देता नोकरी संपवू शकतो हे जे वाक्य मी नेटवरनं घेतलं होतं ते अमेरिकेतल्या पत्रांमधलं निघालं, तिथं तशी पद्धत आहे, आपल्याकडं कामगाराच्या बाबतीत ते चालत नाही, उलट इथं नोटिशीतच कारण लिहावं लागतं.

चौथा ड्राफ्ट गेला तो, त्यातला मुख्य भाग असा:

"आपण दि. ३ जून २०१९ पासून आमच्याकडे बिलिंग व अकाउंट्स विभागात काम करत आहात. आपल्या कामाबाबत आपणास दि. १६ मे, २७ जून व १ ऑगस्ट २०२२ रोजी लेखी पत्रे देण्यात आली. १ ऑगस्टच्या पत्रातील मुदत संपल्यावर दि. २० सप्टेंबर रोजी आपल्यासमवेत आढावा घेण्यात आला. ऑगस्ट महिन्यातील १३८ बिलांपैकी १० बिलांमध्ये आपल्याकडील नोंदींमुळे दुरुस्ती करावी लागली; ठरलेली मर्यादा ३ होती. जीएसटीआर-१ ची माहिती ५ सप्टेंबरऐवजी ९ सप्टेंबर रोजी तयार झाली. आपले दि. २३ सप्टेंबरचे लेखी म्हणणे विचारात घेतले असून त्यानुसार ४ बिले वरील संख्येतून वगळली आहेत. या पदासाठी आवश्यक ती कामाची पातळी गाठली न गेल्यामुळे आपली सेवा दि. ३० सप्टेंबर २०२२ रोजी कामाची वेळ संपल्यानंतर समाप्त करण्यात येत आहे."

एवढंच. पुढं "नाइलाजानं", "अत्यंत दुःखानं", "आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा" असलं मी घातलं होतं ते काकांनी काढलं. मला ते थोडं कोरडं वाटलं, पण ते म्हणाले ज्याची नोकरी जाते त्याला हे वाचून राग येतो, जे बोलायचं ते समोर बसून बोल. "आपल्याला परत घेण्याचा विचार करू" असंही कधी लिहू नये, करणार नसाल तर.

त्याखाली पैशाचा तक्ता. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि घालवायलाच पाहिजे, कारण कायद्यात नोटिशीचे पैसे आणि भरपाई ही कमी करण्याच्या आधी किंवा त्याच वेळी द्यायची अट आहे. पत्र आज दिलं आणि "हिशेब नंतर ऑफिसात येऊन घेऊन जा" असं लिहिलं तर ती अट मोडते, मग बाकी पत्र कितीही चांगलं असो, कमी करणंच बेकायदेशीर ठरू शकतं आणि मागच्या पगारासह कामावर परत घ्यायचा हुकूम होऊ शकतो. बरेच लोक इथंच अडकतात असं काका म्हणाले.

आमचा हिशेब असा होता. सप्टेंबरचा पगार २२,०००. एक महिन्याच्या नोटिशीऐवजी पगार २२,०००. आम्ही नोटीस काळ काम करून घेतला नाही कारण जीएसटी पोर्टल आणि बँकेचं लॉगिन त्यांच्याकडं होतं, आणि जायचं नक्की झालेल्या माणसाला महिनाभर त्याच खुर्चीत बसवणं त्यांनाही अवघडच. भरपाई म्हणजे पूर्ण वर्षं ३, वरचे जेमतेम चार महिने सहा महिन्यांच्या आत म्हणून धरले नाहीत, अर्ध्या महिन्याचे ११,००० गुणिले ३ म्हणजे ३३,०००. वरचे महिने सहाच्या पुढं गेले असते तर चार वर्षं धरावी लागली असती. शिल्लक रजा ९ दिवस, २६ नं भागून ७,६१५. सगळे मिळून ८४,६१५, त्यातनं फक्त पगारावरची नेहमीची पीएफ आणि व्यवसाय कराची कपात. ग्रॅच्युइटी पाच वर्षं झाली नव्हती म्हणून नाही. पण पाच झाली असती तर काम चांगलं नव्हतं या कारणानं ती अडवता येत नाही, हे दादानं मुद्दाम विचारून घेतलं कारण त्याच्या एका मित्रानं तसं केलं होतं.

पत्राच्या शेवटी आणखी चार ओळी: लॉगिन आणि फाईली कुणाकडं द्यायच्या, पीएफला नोकरी सोडल्याची तारीख आम्ही किती दिवसांत भरू, अनुभवाचा दाखला केव्हा मिळेल, काही शंका असेल तर कुणाला फोन करायचा. पीएफची तारीख मालकानं भरली नाही तर माणसाचे पैसे काढताना हाल होतात.

मधल्या काळात एकानं सल्ला दिला होता की एवढं कशाला, राजीनामा लिहून घ्या आणि मोकळे व्हा. मी काकांना विचारलं तर ते पहिल्यांदाच जरा चिडले. दबाव टाकून घेतलेला राजीनामा हा राजीनामा नसतोच, आणि तो दबावाखाली होता हे सिद्ध झालं की आपण फसवलं असंही होतं. महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांचा १९७१ चा वेगळा कायदाच आहे, त्याखाली माणूस ९० दिवसांत लेबर कोर्टात तक्रार करू शकतो.

आई म्हणाली दसरा होऊ दे, पाच दिवसांवर आलाय, नंतर दे. ते मनाला लागलं. पण आढावा होऊन दहा दिवस झाले होते, आणि मुदत संपल्यावर आपणच महिना-महिना काही केलं नाही तर मग काम चालतंय असंच त्यांनी समजायचं का? शिवाय खंडेनवमीला सगळ्यांसोबत पूजेला बसवायचं आणि दोन दिवसांनी पत्र द्यायचं हे मला जास्त वाईट वाटलं.

३० सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी अडीचला एनईएफटी केली, बँकेचा यूटीआर नंबर आला तो पत्रात रिकामी ठेवलेल्या जागेत पेनानं लिहिला. साडेचारला त्यांना केबिनमध्ये बोलावलं, दरवाजा लावला, आधी तोंडी सांगितलं, मग पत्र दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. आकड्यांवर बोट ठेवून वाचत होते. मग म्हणाले, "ताई, चार बिलं वगळली ते बघितलं मी." बाकी काही नाही. सही करायला मात्र तयार होईनात. मी काकांनी सांगितल्याप्रमाणं म्हणलं, मान्य आहे असं लिहू नका, तुम्हाला जे लिहायचंय ते लिहून सही करा. त्यांनी आमच्या कॉपीवर लिहिलं, "पत्र मिळाले. मान्य नाही." आणि तारीख टाकली. ही पोच पूर्ण चालते, पत्र मिळालं एवढंच दाखवायचं असतं. तरी त्याच संध्याकाळी एक कॉपी रजिस्टर एडीनं त्यांच्या घरच्या पत्त्यावर पाठवली, आणि लेबर ऑफिसला द्यायची नोटीसही. ऑफिसात बाकीच्यांना मी एवढंच सांगितलं की ते आजपासून नाहीत, त्यांचं काम अमुक बघेल. कारण कुणालाच नाही, विचारलं त्यांनाही नाही.

नोव्हेंबरमध्ये सहायक कामगार आयुक्त कार्यालयातनं पत्र आलं, त्यांनी तिथं अर्ज केला होता. मला रात्रभर झोप नाही. काका फाईल घेऊन सोबत आले. अर्जात मुद्दे दोनच होते, एक एप्रिलचं उत्तम कामगिरीचं पत्र आणि दुसरा सेल्सच्या पोरांनी दिलेले चुकीचे नंबर. पहिल्यावर काकांनी तिन्ही वॉर्निंगा दाखवल्या, तिन्ही त्या पत्रानंतरच्या, आणि ट्रेनिंगची हजेरी. दुसऱ्यावर पत्रातलंच वाक्य दाखवलं. साहेबांनी पैशाचा तक्ता आणि बँक स्टेटमेंट जुळवून बघितलं. मग त्यांना विचारलं की अजून काय पाहिजे. ते म्हणाले अनुभवाचा दाखला अजून मिळाला नाही. तो खरंच राहिला होता, चूक आमची, पत्रात १५ दिवस लिहिलं होतं आणि दिवाळीच्या गडबडीत मी विसरले होते. दुसऱ्या दिवशी दिला. प्रकरण पुढं कोर्टात गेलं नाही.

माझं हे सगळं २०२२ मधलं, तेव्हाच्या कायद्यावरचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. महिन्याची नोटीस आणि वर्षाला १५ दिवस हे तिच्यातही आहे, सुपरवायझरची मर्यादा १८ हजार झाली, आणि कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागं मालकानं आणखी १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आहे. शेवटचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, हे वेतन संहितेत आता सगळ्यांनाच लागू आहे. त्यामुळं माझा तक्ता तसाच उचलू नका, आकडे आजच्या कायद्यानं काढा.

दाखल्यात काय लिहायचं यावर दादा आणि माझं परत एकदा झालं. तो म्हणाला काम समाधानकारक नव्हतं असं लिही, पुढच्या मालकाला कळायला नको का. मी फक्त हुद्दा, केलेलं काम आणि दोन तारखा लिहिल्या, ३ जून २०१९ ते ३० सप्टेंबर २०२२. समाधानकारक होतं असंही लिहिलं नाही, कारण मग माझंच पत्र खोटं ठरलं असतं. ते दाखला न्यायला आले तेव्हा आईला कसं आहे विचारलं, म्हणाले आता तीनदा न्यावं लागतंय, आणि एका ट्रॅक्टरच्या शोरूमला स्टोअरमध्ये काम लागलंय. बिलं नाहीत, नुसते पार्ट मोजून द्यायचे.

एप्रिलची इन्क्रिमेंटची पत्रं आता मी एकेकाची वेगळी लिहिते. चोवीस पत्रांना दोन दिवस जातात.